बुधवारचा हिशेब शुक्रवारी आला तर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, पलीकडे मंडणगड आणि दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज आली नाही. तेवढे मोठे वादळ रोज येत नाही, पण त्याची छोटी आवृत्ती कोकणातला दुकानदार दर पावसाळ्यात पाहतो. फांदी पडून तार तुटते, रस्त्याच्या खोदकामात केबल कापली जाते, दुपारी गेलेली रेंज दुसऱ्या दिवशी सकाळी परत येते. दुकान मात्र चालूच असते. बॅटरीवर संगणक चालतो, बिले छापली जातात, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. रात्री शटर ओढण्याआधी दिवसाचा हिशेब बंद होतो आणि तो शहरातल्या मुख्य कार्यालयाकडे जायचा असतो. तो जात नाही.

एकाच मालकाचे एकच दुकान असेल तर यात काही बिघडत नाही. पण तालुक्यातालुक्यात पाच, दहा, वीस दुकाने चालवणाऱ्या साखळ्या आता महाराष्ट्रभर आहेत: किराणा, औषधे, खते-बियाणे, बेकरी. खरेदी, भरणा आणि कर यांचे निर्णय एका ठिकाणी होतात आणि त्यासाठी लागणारे आकडे वीस ठिकाणांहून येतात. आकडे उशिरा येणे ही अडचण खरी, पण ती छोटी. मोठी अडचण पुढची आहे. उशिरा आलेले आकडे चुकीच्या क्रमाने आले आणि कार्यालयाने ते आले तसे वहीत चढवले, तर हिशेब नुसता अपुरा राहत नाही, तो खोटा होतो. त्या खोट्या हिशेबावरून एखाद्या प्रामाणिक माणसावर संशयही घेतला जातो.

हे कसे घडते ते एका काल्पनिक पण अगदी नेहमीच्या उदाहरणातून पाहू. समजा, पनवेलला मुख्य कार्यालय असलेल्या किराणा साखळीचे एक दुकान श्रीवर्धनला आहे. रोज रात्री तिथला व्यवस्थापक ‘क्लोजिंग’ करतो. गल्ला मोजतो, संगणकावर दिवस बंद करतो आणि एक चिठ्ठी तयार होते. तिच्यात त्या दिवसाचे पहिले आणि शेवटचे बिल कोणते, एकूण विक्री किती, त्यातली रोख किती, यूपीआय आणि उधार किती, खर्च किती, बँकेत भरणा किती, सकाळची आणि रात्रीची रोख शिल्लक किती, कोणता माल किती खपला, हे सारे असते. जुन्या दुकानांत जो रोजमेळ लाल वहीत लिहिला जायचा, त्याचेच हे रूप. मजकूर फार नसतो. एखाद्या फोटोपेक्षा कितीतरी हलकी अशी ही फाइल असते आणि अगदी अशक्त रेंजमध्येही काही सेकंदांत निघून जाते. म्हणजे अडचण वजनाची नाही. ते काही सेकंद नेमके कधी मिळतील, याचा भरवसा नसतो.

मंगळवारची क्लोजिंग नीट गेली. बुधवारी दुपारी वीज आणि नेट दोन्ही गेले. रात्री व्यवस्थापकाने दिवस बंद केला, संगणकाने पाठवण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा अपयश. बहुतेक प्रणाली अशा वेळी दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवत नेतात: एक मिनिट, पाच मिनिटे, अर्धा तास, दोन तास. ही रीत चांगली आहे, कारण त्यामुळे बंद रस्त्यावर फुकट धडका बसत नाहीत आणि वीज आल्याबरोबर सगळी दुकाने एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. पण तिचा एक परिणाम असा होतो की, गुरुवारी रात्री दहा मिनिटांसाठी रेंज आली तेव्हा बुधवारच्या फाइलची पाळी दोन तासांनंतरची होती आणि गुरुवारची ताजी फाइल पहिल्याच प्रयत्नात निघून गेली. नव्याने जुन्याला मागे टाकले. बुधवारची चिठ्ठी पनवेलला पोहोचली ती थेट शुक्रवारी सकाळी.

आता पनवेलच्या संगणकाने काय केले ते पाहू, आणि त्यासाठी एकच माल घेऊ: कोलम तांदूळ.

मंगळवारी रात्री दुकानात १२० किलो तांदूळ होता. बुधवारी ३५ किलो खपला, उरला ८५. गुरुवारी २० किलो खपला, म्हणजे ६५ उरायला हवा. गुरुवारी संध्याकाळी दुकानात साप्ताहिक मोजणी झाली आणि पोती प्रत्यक्ष मोजल्यावर तांदूळ ६२ किलो भरला. तीन किलोची घट. सुटा तांदूळ विकताना सांडतो, मापात थोडा जास्त जातो, उंदीर लागतो. तीन किलोवर कोणी आरडाओरडा करत नाही.

पनवेलला मात्र गुरुवारची चिठ्ठी आधी आली. तिथल्या वहीत मंगळवारचे १२० किलो होते. त्यातून गुरुवारचे २० वजा झाले, राहिले १००. मग मोजणीचा आकडा आला: ६२. संगणकाने हिशेब केला की, दुकानात ३८ किलो तांदूळ कमी आहे. तुटीच्या यादीत श्रीवर्धन लाल अक्षरात सगळ्यात वर. शुक्रवारी सकाळी मालकाचा फोन जातो, “एवढा माल गेला कुठे?” व्यवस्थापक पोत्यांजवळ उभा राहून सांगतो की, माल इथेच आहे, तीन किलोच कमी आहे. पण पनवेलच्या पडद्यावर ३८ असतात, आणि अशा वेळी पडद्याचे म्हणणे माणसाच्या म्हणण्यापेक्षा खरे धरले जाते.

एवढ्यावर थांबत नाही. थोड्या वेळाने बुधवारची चिठ्ठी येते आणि संगणक ६२ मधून ३५ वजा करतो. वहीत तांदूळ २७ किलो. दुकानात ६२ आहेत. बुधवारची विक्री मोजणीत आधीच धरली गेली होती, ती आता दुसऱ्यांदा वजा झाली. २७ किलो हा आकडा खालच्या मर्यादेच्या आत असल्यामुळे गाडीत श्रीवर्धनसाठी नवी पोती चढतात आणि ज्या दुकानाला खरोखर तांदूळ हवा होता, तिथे ती कमी पडतात.

या गोंधळाचे मूळ समजून घेण्यासारखे आहे, कारण ते कळले की उरलेले सारे आपोआप उलगडते. काही नोंदी अशा असतात की, त्यांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. महिन्याची एकूण विक्री काढायची असेल, तर बुधवार आधी मिळवा की गुरुवार, बेरीज तीच येते. विक्री वजा करणे हेही तसेच आहे. १२० मधून आधी ३५ घालवा किंवा आधी २०. पण मोजणी ही वेगळ्या जातीची नोंद आहे. ती ‘इतके कमी करा’ असे म्हणत नाही, ती म्हणते ‘आत्ता इतके आहेत’. तिच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले, यावर तिचा अर्थ ठरतो. गल्ल्यातली रोख मोजणे, मालाचा भाव बदलणे, उधारीचे खाते ‘चुकते’ म्हणून बंद करणे, या साऱ्या नोंदी याच जातीच्या. अशी एक जरी नोंद चिठ्ठीत असेल, तर क्रम सांभाळावाच लागतो. आणि दिवसअखेरच्या प्रत्येक चिठ्ठीत रात्रीची रोख शिल्लक असतेच.

मग क्रम ठरवायचा कशावरून? पोहोचण्याच्या वेळेवरून नाही, ते वर दिसलेच. पहिल्यांदा सुचते ते म्हणजे तारीख आणि वेळ. दुकानाच्या संगणकाने चिठ्ठीवर वेळ छापलेली असते, तिच्यावरून लावून घ्यावे. पण ज्या दुकानांत वीज जाते, तिथलेच घड्याळ सगळ्यात कमी भरवशाचे असते. संगणकाच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, बंद काळात घड्याळ तिच्यावर चालते. काही वर्षांनी ती संपते. मग वीज जाऊन आली की संगणक एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर जाऊन बसतो. नेट असेल तर तो वेळ दुरुस्त करून घेतो, पण इथे तर नेटच नाही. घड्याळ ठीक असले तरी गणपतीच्या दिवसांत दुकान रात्री साडेबारापर्यंत उघडे राहते आणि सोमवारची क्लोजिंग मंगळवारी होते. एखादा दिवस बंद करायचा राहून गेला तर दुसऱ्या दिवशी एकाच तारखेला दोन क्लोजिंग होतात. तारीख हिशेबासाठी हवी, पण रांग लावायला ती कामाची नाही.

भरवशाची गोष्ट एकच: अनुक्रमांक. दुकानाने प्रत्येक क्लोजिंगला स्वतःचा पुढचा नंबर द्यायचा. मंगळवार ८११, बुधवार ८१२, गुरुवार ८१३. मध्ये नंबर सोडायचा नाही, पुन्हा वापरायचा नाही, आणि दुकान बंद असलेल्या काळाने नंबर पुढे सरकवायचा नाही; तो क्लोजिंग झाली तरच सरकतो. ही कल्पना कोणा संगणकतज्ज्ञाची नवी नाही. पावतीपुस्तकावर नंबर छापलेले असतात ते याचसाठी. जीएसटीच्या नियमांतही बिलाचा नंबर सलग असावा, आर्थिक वर्षात एकदाच यावा आणि सोळा अक्षरांपेक्षा लांब नसावा, अशी अट आहे. सलग नंबराचा गुण हा की, त्यात हरवलेली वस्तू दिसते. तारखेत मंगळवारनंतर गुरुवार आला तर बुधवारी दुकान बंद असेल असेही म्हणता येते. ८११ नंतर ८१३ आला तर ८१२ कुठेतरी नक्कीच आहे.

आता तोच शुक्रवार पुन्हा पाहू, नीट बांधलेल्या प्रणालीत. गुरुवारी रात्री ८१३ पनवेलला येतो. श्रीवर्धनचा शेवटचा स्वीकारलेला नंबर ८११ आहे. संगणक ८१३ ठेवून घेतो, पण वहीत चढवत नाही. दुकानाला उत्तर देतो: ‘८१३ मिळाला, ८१२ बाकी आहे.’ शुक्रवारी ८१२ येतो, तो चढतो आणि लगेच त्यामागे थांबलेला ८१३ चढतो. १२० वजा ३५, वजा २०, मोजणी ६२, घट तीन किलो. फोन होत नाही.

यात ‘ठेवून घेतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काही प्रणाली क्रम चुकला की चिठ्ठी परत लावतात: आधी मागची आणा, मग बघू. कागदावर ही शिस्त छान वाटते. पण श्रीवर्धनच्या दुकानाला ती दहा मिनिटांची रेंज पुन्हा कधी मिळेल कोणास ठाऊक. आलेली चिठ्ठी हातात असताना ती नाकारणे, हे या कामातले सगळ्यात महागडे पाऊल आहे. घ्यायची कोणत्याही क्रमाने, चढवायची नंबराच्याच क्रमाने.

आणि हे थांबणे फक्त त्या दुकानापुरते. श्रीवर्धनचा ८१२ रखडला म्हणून दापोलीचा हिशेब अडवायचे कारण नाही. दोन दुकानांच्या दिवसांत आपापसात आधी-नंतरचे नाते नसते. अपवाद मालाच्या देवाणघेवाणीचा. श्रीवर्धनहून दापोलीला दहा डबे तेल गेले आणि दापोलीची ‘मिळाले’ ही नोंद श्रीवर्धनच्या ‘पाठवले’ या नोंदीच्या आधी आली, तर ते डबे कुठून उगवले हा प्रश्न पडतो. त्यासाठी अनुभवी हिशेबनीस ‘वाटेतला माल’ असे वेगळे खाते ठेवतात आणि त्याची शिल्लक एक-दोन दिवस उणे दिसली तरी घाबरत नाहीत.

तरी मालकाचा प्रश्न उरतोच. गुरुवारी रात्री त्याला विक्री कळायला हवी आहे आणि एक चिठ्ठी रांगेत अडकली आहे. इथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. रोजच्या विक्रीसोबत दुकानाने सुरुवातीपासूनची एकत्रित बेरीजही पाठवायची, जी कधीही शून्य होत नाही. विजेच्या मीटरचे काटे जसे पुढेच जातात, तशी. समजा, मंगळवारच्या चिठ्ठीत ही बेरीज ८४,२०,३५० रुपये होती. गुरुवारच्या चिठ्ठीत त्या दिवसाची विक्री २८,७६० आणि अखेरची बेरीज ८४,९०,६५० आहे. म्हणजे गुरुवारी सकाळी ती ८४,६१,८९० असणार. मंगळवारची बेरीज त्यातून वजा केली की ४१,५४० उरतात. बुधवारची चिठ्ठी अजून आलेली नाही, पण बुधवारची विक्री कळली. रोख किती, उधार किती, तांदूळ किती, हे ती आल्यावरच समजेल. एकूण आकडा मात्र मालकाला आजच सांगता येतो, त्याच्यापुढे ‘तात्पुरता’ असे लिहून.

ही एकत्रित बेरीज पुढे तपासणीलाही लागते. ८१२ आला की त्यातली विक्री ४१,५४० च असली पाहिजे. कमी-जास्त निघाली तर चूक वाहतुकीत झालेली नाही, दुकानातच काहीतरी घडले आहे. रोख शिल्लकही तशीच साखळी जोडते. आदल्या रात्रीची शिल्लक आणि दुसऱ्या सकाळची सुरुवात एकच हवी, हा रोजमेळाचा पहिला धडा. नंबर सलग आहेत आणि शिल्लक जुळते आहे, या दोन्ही गोष्टी दिसल्यावरच दिवस ‘जुळला’ म्हणायचा.

न आलेल्या दिवसाच्या रकान्यात शून्य लिहिण्याची सवय मात्र घातक आहे. अनेक तक्त्यांत रिकामी जागा आपोआप शून्य होते. मग ‘आजची विक्री ६ लाख १० हजार’ असा आकडा सगळीकडे फिरतो आणि तो वीसपैकी सतरा दुकानांचाच आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. खरेदी विभाग समजतो मागणी घटली. खरे शून्य वेगळे असते: दुकान बंद होते, विक्री झाली नाही, असे दुकानाने स्वतः नंबर देऊन कळवलेले. म्हणून अहवालाच्या माथ्यावरच लिहिलेले असावे: २० पैकी १७ दुकाने आली, तीन बाकी, आणि त्या तिघांची नावे.

हरवलेल्या चिठ्ठीइतकाच त्रास देते ती दोनदा आलेली चिठ्ठी. गुरुवारी ८१३ पनवेलला पोहोचला, नोंदला गेला, ‘मिळाला’ हे उत्तर निघाले आणि त्याच क्षणी रेंज गेली. दुकानाच्या बाजूने पाहिले तर चिठ्ठी गेली नाही आणि उत्तर आले नाही, या दोन प्रसंगांत काहीच फरक दिसत नाही. नेट कितीही चांगले असले तरी हा फरक खात्रीने कळण्याची सोय नसते. त्यामुळे दुकानाला एकच वागणे शक्य आहे: उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पाठवत राहणे. आणि कार्यालयाला एकच: श्रीवर्धन आणि ८१३ ही जोडी आधी आलेली असेल तर दुसऱ्यांदा मिळवायची नाही, पण उत्तर मात्र पुन्हा द्यायचे. हे दुसरे वाक्य विसरले जाते. प्रत ओळखून गप्प बसणारा सर्व्हर दुकानाला कायम पाठवतच ठेवतो. पहिले विसरले तर गुरुवारची २८,७६० ची विक्री ५७,५२० होते.

उत्तर देण्याची वेळही ठरलेली हवी. चिठ्ठी कायमच्या नोंदीत जाऊन बसल्यावरच ‘मिळाली’ म्हणायचे, हातात आल्याबरोबर नाही. कारण ते उत्तर मिळाल्यावर दुकान आपली प्रत रांगेतून काढणार आहे. खेड्यातल्या शाखा डाकघरांची रीत या बाबतीत पाहण्यासारखी होती. शाखा डाकपाल दिवसाचा हिशेब टपालाच्या थैलीतून रोज आपल्या लेखा कार्यालयाकडे पाठवी आणि दुसरी बाजू त्याची पोच थैलीतूनच परत करी. २०१७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘दर्पण’ योजनेने देशातल्या सुमारे १ लाख २९ हजार शाखा डाकघरांत सौरऊर्जेवर चालणारी हातातली यंत्रे पोहोचवण्याचे ठरवले. थैलीची जागा मोबाइलच्या जाळ्याने घेतली, पण पोच येईपर्यंत आपली प्रत जपायची ही गरज तशीच राहिली.

किती दिवस थांबायचे, याचे उत्तर वेगवेगळ्या देशांच्या कर खात्यांनी कायद्यातच देऊन टाकले आहे. इटलीत २०२० पासून दुकानदारांना दिवसाच्या विक्रीची बेरीज गल्ल्याच्या यंत्रातून थेट कर खात्याकडे पाठवावी लागते. यंत्र ती दिवस बंद करतानाच मोहोरबंद करते, पण पाठवण्यासाठी बारा दिवसांची मुदत आहे. नेट नसले तरी आकडा त्याच रात्री गोठतो, प्रवास नंतर होतो. रशियात गल्ल्याच्या यंत्रातली नोंदपेटी नेटशिवाय तीस दिवस काम करते. तेवढ्या काळात साठलेल्या नोंदी पोहोचल्या नाहीत तर ती पुढची पावती करायचे थांबवते. दोन्हीकडे विचार एकच दिसतो: नेट जाणार हे गृहीत धरायचे, विक्री अडवायची नाही, पण उशिराला टोक ठेवायचे. साखळी दुकानांनी स्वतःसाठी हे टोक फार जवळ ठेवावे. दोन रात्री चिठ्ठी आली नाही तर कार्यालयाने फोन करून विक्री, रोख, यूपीआय आणि भरणा एवढे चार आकडे विचारून घ्यावेत. डेटा चालत नाही अशा ठिकाणीही पुष्कळदा साधा एसएमएस जातो, आणि त्याच्या १६० इंग्रजी अक्षरांत नंबरासह हे आकडे सहज मावतात. अर्थात तेही ‘तात्पुरते’च, वहीत चढते ती चिठ्ठी.

उशिराचा खरा ताण महिन्याच्या शेवटी येतो. ३० तारखेची क्लोजिंग पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला आली, तर विक्री ३० तारखेचीच. म्हणून प्रत्येक चिठ्ठीला दोन तारखा लागतात: व्यवहाराची आणि पोहोचण्याची. कर पहिलीवर ठरतो, दुसरी फक्त उशीर मोजायला. जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, मासिक भरणाऱ्यांना पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचे असते, तेवढा अवधी मागे राहिलेल्या दुकानांना गाठायला पुरतो. विशेष म्हणजे १ ऑक्टोबर २०२२ पासून या विवरणपत्रालाही क्रमाचा नियम लागू झाला: आधीच्या काळाचे भरलेले नसेल तर पुढच्या काळाचे भरता येत नाही. पनवेलचा संगणक श्रीवर्धनच्या ८१३ ला जे सांगतो, तेच सरकार व्यापाऱ्याला सांगते.

सगळ्यात अवघड प्रसंग येतो तो दुकानाचा संगणकच जळाल्यावर. विजेच्या झटक्याने यंत्र गेले, नवे आणले, चार दिवसांपूर्वीची जपून ठेवलेली प्रत त्यावर चढवली. त्या प्रतीच्या मते शेवटची क्लोजिंग ८०९ होती. नवे यंत्र आज रात्री ८१० नंबराची चिठ्ठी पाठवते. पनवेलकडे ८१० आधीच आहे, वेगळ्या दिवसाची. ‘नंबर ओळखीचा आहे, प्रत असेल’ असे समजून सर्व्हरने ती बाजूला टाकली तर आजची विक्री गायब होते. नव्याने जुनीवर लिहिले तर मागचा दिवस गायब होतो. म्हणून चिठ्ठीसोबत मजकुराचा ठसाही पाठवतात. हा ठसा म्हणजे साऱ्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांब खूण. एक अक्षर बदलले तरी ती बदलते. नंबर तोच आणि ठसा तोच, तर ती प्रत. नंबर तोच पण ठसा वेगळा, तर काहीही न चढवता, काहीही न पुसता माणसाला बोलवायचे. ते टाळण्याचा सोपा मार्गही आहे. नव्या यंत्राने पहिले बिल करण्याआधी कार्यालयाला विचारायचे, ‘माझा शेवटचा नंबर कोणता?’ नेट नसेल तर हे फोनवर विचारता येते. शिवाय जळालेल्या यंत्रात न पाठवलेली एखादी चिठ्ठी अडकली असेल तर तिचा उपाय एकच असतो: क्लोजिंगचा छापील कागद. रोज रात्री तो काढून फाइलला लावण्याची जुनी सवय मोडू नये.

आणि चूक सापडली तर? गुरुवारी लक्षात आले की, बुधवारी एक बिल चुकून दोनदा केले होते. व्यवस्थापकाला वाटते ८१२ उघडावा, दुरुस्त करावा, पुन्हा पाठवावा. हा दरवाजा बंदच हवा. बंद केलेला दिवस उघडता आला तर बेरजांची साखळी तुटते आणि ठशाला अर्थ उरत नाही. दुरुस्ती आजच्या दिवसात, ‘८१२ मधील अमुक बिल रद्द’ अशी उलट नोंद करून जाते. कीर्द लिहिणारे मुनीम खाडाखोड न करता हेच करत. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागूही आहे.

दुकानांसाठी असे सॉफ्टवेअर विकणारे सगळेच ‘नेटशिवाय चालते’ असे सांगतात. बिल छापण्यापुरते ते बहुतेकदा खरेही असते. साखळी चालवणाऱ्याने पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून एक चाचणी करून घ्यावी. एका दुकानाचे नेट काढून तीन दिवस बंद करायला सांगावे आणि तिसऱ्या दिवशी एका मालाची मोजणी टाकावी. मग तिसऱ्या दिवसाची चिठ्ठी आधी पाठवावी, तीच पुन्हा एकदा पाठवावी, त्यानंतर पहिली आणि शेवटी दुसरी. कार्यालयाच्या पडद्यावरचा साठा मोजणीशी जुळला, विक्री दुप्पट झाली नाही आणि मधल्या वेळात ‘एक दुकान बाकी’ असे स्पष्ट दिसत राहिले, तर ते घ्यावे. यातले एकही जमले नाही, तर बाकी सोयी कितीही असल्या तरी ते घेऊ नये.